पळसदेवच्या ओट्यावर आई

माझ्या आईचे माहेर इंदापूर तालुक्यातील जुने पळसदेव. १९८० च्या सुमारास भीमेवरील उजनी धरणाचे पाणी चढले, गाव महामार्गालगत नव्या जागी गेले आणि जुन्या गावासह आजोबांचे किराणा दुकान पाण्याखाली राहिले. धरण आटले की पळसनाथाच्या मंदिराचे शिखर वर येते. आई आता शहाऐंशी वर्षांची असून बारामतीत आमच्याकडे असते. कालचे विसरते, परंतु माहेरचे बोलते. तिला त्या जागी बसलेली दाखवणारे चित्र करावे, असे मनात आले.

पहिला प्रयत्न फसला. एका स्टुडिओवाल्याने आईचा फोटो घेऊन कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपमध्ये वर्णन लिहिले. मंदिर भलतेच आले, मागे नारळाची झाडे उगवली आणि आईच्या सुरकुत्या पुसल्या गेल्या. आई म्हणाली, ''छान आहे. पण ही बाई कोण?'' असे ॲप चेहरा नव्याने रंगवते. नाक, हनुवटी किंचित बदलली तरी ओळख तुटते.

दुसऱ्या वेळी उलट क्रम धरला. प्रथम जागेचा खरा फोटो मिळवला. भाच्याने उन्हाळ्यात, सकाळी नऊच्या सुमारास तो काढला होता. ऊन डावीकडून होते. म्हणून आईलाही त्याच वेळी, ऊन डावीकडून येईल अशी व्हरांड्यात बसवले आणि कॅमेरा तिच्या छातीच्या उंचीवर धरला. मग तिची आकृती कापून मंदिराच्या फोटोत ठेवली. चेहऱ्याला हात लावला नाही. पाय जमिनीला टेकलेले दाखवणे सर्वांत अवघड, माणूस तरंगताना दिसतो. तेव्हा पाय चौकटीबाहेर ठेवले आणि बुडाशी हलकी सावली दिली. भेगाळलेला गाळही कापून टाकला, कारण तो पाहून आईने गाव कुठे गेले म्हणून विचारले असते. आठ बाय दहा इंची प्रत मुद्दाम मॅट कागदावर काढली. चकचकीत कागदावर दिव्याची तिरीप पडते.

चित्र हाती देताना ''ओळखलंस का?'' असे विचारले नाही. ती परीक्षा ठरते, आणि नापास होण्याचे दुःख वृद्धांना फार असते. ''आई, हे आम्ही जुळवून केलेलं चित्र आहे,'' एवढेच सांगितले. मागेही तसे लिहून ठेवले आहे, नातवंडांनी पुढे खरे समजू नये म्हणून.

आईने बराच वेळ पाहिले. मग थोड्या रागाने म्हणाली, ''खुर्ची कशाला रे? आम्ही ओट्यावर बसायचो. ओट्यावरून शिखर दिसायचं, अन् बाजाराच्या दिवशी गाड्या तिथंच सुटायच्या.'' गुळाच्या ढेपा कोण मोजी, वडील उधारीची वही कोठे ठेवीत, हे तासभर चालले. मी बँकेत पस्तीस वर्षे खाती पाहिली, आजोबांच्या वहीविषयी मात्र प्रथमच ऐकत होतो.

एकदा सायंकाळी तिने ''घरी कधी जायचं?'' असा हट्ट धरला. तेव्हापासून चित्र सकाळीच काढतो आणि जेवणापूर्वी कपाटात ठेवतो. खुर्चीच्या जागी ओटा बसवायचे काम चालू आहे. त्याची उंची किती होती, हे आई अजून ठरवते आहे.