साला सुटतो, सालाबाद अडकते

नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात दंगल झाली, तेव्हा प्रशासनाने इंटरनेट बंद केले. अकोल्यातल्या प्रकाराची सुरुवात समाजमाध्यमावरच्या एका मजकुरापासून झाली होती. इंटरनेट बंद करणे हीही एक गाळणीच आहे, फक्त तिला छिद्रे नाहीत. द्वेषाच्या मजकुराबरोबर परीक्षेचा अर्ज, दवाखान्याचा निरोप आणि दुकानदाराचे पेमेंट, सगळेच अडकते. म्हणून दोन्ही शहरांत जे तरुण एखादे सार्वजनिक पान किंवा मोठा ग्रुप चालवतात, त्यांना बारीक छिद्रांची गाळणी हवी असते. हाताशी असते ती बंदी घातलेल्या शब्दांची यादी. यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम यांवर ही सोय तयार मिळते आणि टेलिग्रामवर बॉट बसवता येतो. माझे म्हणणे असे की ही यादी मजकूर थांबवून ठेवण्यासाठी वापरावी, मजकूर पुसण्यासाठी किंवा माणसाला बाहेर काढण्यासाठी नाही. कारण मराठीत ती कशी चालते हे पाहिले की तिच्यावर निकाल सोपवण्याची हिंमत होत नाही.

एक साधी सूचना घ्या: ‘सालाबादप्रमाणे यंदाही, १९४२ साली आष्टी येथे शहीद झालेल्यांना अभिवादन.’ आष्टी हे अमरावतीच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातले गाव. ऑगस्ट १९४२ च्या आंदोलनात तिथे बलिदान झाले, म्हणून लोक त्या गावाला ‘शहीद आष्टी’ म्हणतात. या वाक्यात शिवी नाही, धमकी नाही, फसवणूक नाही. तरीही ते तीन ठिकाणी अडकू शकते.

पहिले ठिकाण ‘सालाबाद’. यादीत ‘साला’ असेल आणि प्रोग्राम नुसती अक्षरे शोधत असेल, तर ‘सालाबाद’ही सापडतो आणि ‘मसाला’ही. गांडूळखताची जाहिरात याच कारणाने अडकते. ही अडचण इंग्रजीतही जुनी आहे. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना एओएलवर खाते उघडता येईना, कारण गावाच्या नावात एक शिवी दडलेली होती. त्यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे फक्त पूर्ण शब्द शोधणे. त्यासाठी शब्दाच्या दोन्ही बाजूंना सीमेची खूण लावतात:

```
re.search(r"\bसाला\b", text)
```

इंग्रजीत हे चालते. देवनागरीत पायथनची ही खूण उलटी वागते. पायथनचे `re` अक्षराला शब्दाचा भाग मानते, पण काना, मात्रा, वेलांटी यांना मानत नाही. ‘साला’ हा शब्द कान्यावर संपतो. त्यापुढे मोकळी जागा किंवा उद्गारचिन्ह आले, तर दोन्हीकडे ‘शब्द नसलेले’ चिन्ह दिसते, म्हणून सीमा सापडत नाही आणि शिवी सुटते. ‘सालाबाद’ मध्ये कान्यानंतर ‘बा’ येतो. तिथे मात्र प्रोग्रामला सीमा दिसते आणि सूचना अडकते. जावास्क्रिप्टची तीच खूण फक्त इंग्रजी अक्षरे ओळखते, त्यामुळे तिथे देवनागरी शिवी पकडलीच जात नाही. बाहेरून ओळखायची खूण सोपी: यादी लावली, पण उघड शिव्या येतच राहिल्या आणि तक्रारी मात्र सभ्य माणसांच्या आल्या, तर दोष बहुधा इथे आहे. दुरुस्ती अशी की आजूबाजूला देवनागरी चिन्ह नको, हे स्वतःच लिहायचे:

```
re.search(r"(?<![\u0900-\u0963])साला(?![\u0900-\u0963])", text)
```

आता ‘साला’ अडकतो आणि ‘सालाबाद’, ‘मसाला’ सुटतात. पण मराठी शब्द एकाच रूपात राहत नाही. साल्या, साल्याला, साल्यांनो ही रूपे आता निसटतात, म्हणून ती एकेक करून यादीत घालावी लागतात. ती यंत्रवत घातली की ‘साली’ही येते, आणि आपल्या सूचनेतले दुसरे ठिकाण अडकते: ‘१९४२ साली’. इतिहासाचे कोणतेही वाक्य त्यातून पार होणार नाही. कोणते रूप घालायचे आणि कोणते वगळायचे हे प्रोग्राम ठरवू शकत नाही. ज्याची ती भाषा आहे त्यालाच ते कळते.

तिसरे ठिकाण ‘शहीद’. इथे प्रश्न अक्षरांचा नाही, अर्थाचा आहे. मेटा कंपनी दहशतवादी ठरवलेल्या व्यक्तींच्या संदर्भात हा शब्द आला की मजकूर काढत असे. मार्च २०२४ मध्ये तिच्याच ओव्हरसाइट बोर्डाने सांगितले की या एका शब्दामुळे कंपनीच्या माध्यमांवरून इतर कोणत्याही एका शब्दापेक्षा जास्त मजकूर काढला गेला असावा आणि ही सरसकट बंदी सोडावी. पुढे कंपनीने धोरण सैल केले. त्याआधी मे २०२१ मध्ये अल-अक्सा मशिदीचे नाव असलेला हॅशटॅग इन्स्टाग्रामवर चुकून अडवला गेला होता, कारण बंदी असलेल्या एका संघटनेच्या नावात तेच शब्द होते. आपल्याकडे भगतसिंगांच्या नावाआधी शहीद लागतो, सीमेवरच्या जवानाच्या नावाआधी लागतो. रोमन लिपीत लिहिले की `shahid` हे एखाद्या मुलाचे नावही असते. यादी बाहेरून आयती आणली तर तिच्यात आपली नावेच सापडतील.

आता उलट बाजू. आपल्याला टोचणारे शब्द यादीत घालता येतात का? ‘पंक्चरवाला’ हा टोमणा कोणाला उद्देशून असतो हे वाचकांना सांगायला नको. तो शब्द अडवला, तर ‘बडनेरा रोडवर पंक्चरवाला कुठे मिळेल’ हा प्रश्नही अडकतो. ‘शांतिदूत’चे तेच. शब्द निर्दोष असतो, वार संदर्भात असतो.

फसवणुकीचे उत्तरही असेच असते. कोणी विचारते की शिष्यवृत्तीचे पैसे आले नाहीत. खाली लगेच उत्तर येते: ‘आमच्या अधिकाऱ्याला या नंबरवर फोन करा.’ यात अडवण्यासारखा एकही शब्द नाही. ‘ओटीपी’ अडवाल तर ‘ओटीपी कोणालाही देऊ नका’ हा इशाराच गायब होईल. इथे शब्दांऐवजी जोड्या उपयोगी पडतात: नवे खाते, दहा आकडी नंबर किंवा लिंक, आणि पैशांच्या प्रश्नाखालचे उत्तर. तिन्ही एकत्र आले की संदेश थांबवावा. `.apk` फाइल मात्र कोणाचीही असो, थांबवावी, मग ती लग्नपत्रिका म्हणून आली तरी. नंबर शोधताना मराठी आकडेही धरावे लागतात. पायथनचे `\d` ते ओळखते, जावास्क्रिप्टचे ओळखत नाही. कोणी फसलेच तर १९३० वर लगेच फोन करावा.

थांबवलेला मजकूर माणसाने पाहायचा असतो. यूट्यूबची यादी अशा प्रतिक्रिया तपासणीसाठी बाजूला ठेवते, तीच पद्धत योग्य. यादी लावण्याआधी आपल्याकडचे दोनशे जुने संदेश तिच्यातून चालवून पाहावेत आणि दोन आकडे लिहावेत: किती चांगले अडकले, किती वाईट सुटले. एखादा शब्द वाइटापेक्षा चांगलेच जास्त अडवत असेल, तर तो काढावा. तपासणाऱ्यांत उर्दू, मराठी आणि वऱ्हाडी तिन्ही समजणारे कोणीतरी असावे, आणि मुलीही असाव्यात, कारण त्यांना येणाऱ्या शिव्या मुलांच्या यादीत सहसा नसतात.

याला वेळ लागतो आणि रात्री तणाव वाढला की दोन माणसे पुरत नाहीत, हे मान्य. अशा रात्री नव्या सदस्यांचे सगळे संदेश काही तास थांबवून ठेवावेत. पण पुसू नयेत. थांबलेला निरोप सकाळी सोडता येतो. पुसलेला येत नाही, आणि आपल्याला का काढले हे त्या माणसाला कधीच कळत नाही.