घरची परीक्षा आणि लाल शाई



फेब्रुवारी जवळ आला की महाड-पोलादपूरच्या घराघरांत बारावी वाणिज्यच्या जुन्या प्रश्नपत्रिका दिसू लागतात. पुस्तपालन व लेखाकर्माची उदाहरणे मात्र बहुधा संध्याकाळी, उत्तरे शेजारी ठेवून सोडविली जातात. तो सराव होय, परीक्षा नव्हे.

घरची परीक्षा रविवारी सकाळी ११ वाजताच सुरू करावी; मंडळाच्या पेपरची वेळही तीच. पूर्वी न पाहिलेली प्रश्नपत्रिका, आखलेले कोरे कागद, हातघड्याळ आणि टेबल एवढेच हवे. मोबाईल दुसऱ्या खोलीत असावा. ८० गुणांना ३ तास, म्हणजे एका गुणास सव्वादोन मिनिटे. दहा गुणांचे उदाहरण साडेबावीस मिनिटांत न सुटल्यास जागा सोडून पुढे जावे. २ वाजता उत्तराखाली रेघ मारावी. मंडळ २०२३ पासून शेवटी १० मिनिटे वाढवून देते, पण घरी ती धरू नयेत. उरलेले लेखन रेघेखाली हिरव्या शाईने पूर्ण करावे. रेघेवरचे गुण कमी व एकूण गुण चांगले असतील, तर उणीव वेगाची. दोन्ही कमी असतील, तर विषयाची.

तपासणी त्याच दिवशी करू नये. बँकेत व्हाउचर लिहिणारा ते स्वतःच मंजूर करीत नाही. घरी दुसरा माणूस नसेल, तर निदान एक रात्र मध्ये जाऊ द्यावी.

ताळेबंद जुळला म्हणजे उदाहरण बरोबर, हा मोठा भ्रम आहे. समजा, भागीदाराच्या प्रवेशाच्या उदाहरणात ऋणको ४०,००० रुपये आहेत व जुना निधी नाही. २,००० रुपये बुडीत कर्ज वजा करून उरलेल्या रकमेवर ५ टक्के संशयित बुडीत कर्ज निधी करावयाचा आहे. योग्य निधी ३८,००० वर १,९०० रुपये. विद्यार्थी ४०,००० वर २,००० धरतो. ताळेबंदात ऋणको ३६,१०० ऐवजी ३६,००० होतात. पुनर्मूल्यांकनाचा तोटाही १०० रुपयांनी वाढतो आणि ३:२ प्रमाणात भांडवलातून ६० व ४० वजा होतात. दोन्ही बाजू शंभरानेच घटल्यामुळे ताळेबंद जुळतो. चूक मात्र लपते.

म्हणून बेरजेवर नव्हे, प्रत्येक नोंदीवर लाल खूण करावी. चूक जिथे प्रथम झाली तिथे गुण कापावा आणि समासात कारण लिहावे: ‘आधी बुडीत कर्ज वजा केले नाही’. ‘हे मला येत होते’ म्हणून अर्धा गुणही देऊ नये. न दिलेले घेणे म्हणजे अदत्तादान, आणि ते स्वतःच्या उत्तरपत्रिकेतूनही घेता येते.

तीन प्रश्नपत्रिकांनंतर समासातील कारणे एकत्र वाचावीत. जे कारण तिन्हींत दिसेल, त्या प्रकरणापासून पुढचा आठवडा सुरू करावा.