सहकुटुंब सहपरिवार

नातवाच्या मुंजीची पत्रिका छापून आली, तेव्हां आमच्या एका बालमित्रास ती तशीच धाडण्यास आमचा हात धजेना. त्याला कारण होतें. कन्येच्या विवाहाचे वेळीं आम्हीं त्यांस केवळ छापील पत्रिका धाडिली होती. ते बरोबर मुहूर्तावर आले, अक्षता टाकल्या आणि न जेवतांच परतले. पुढें केव्हांतरी म्हणाले, "पत्रिकेंत 'सहकुटुंब' होतें, एकट्यानें किती वेळ बसावें?" त्यांची पत्नी तीनच महिन्यांपूर्वीं निवर्तली होती. आपल्या घरांतून 'कुटुंब' म्हणजे पत्नी असाही अर्थ होतो, हें जन्मभर भाषा शिकविणाऱ्या आम्हांस सुचलें नाहीं!

मुंजीची पत्रिकाही त्याच साच्यांतली: "आमचे येथें श्रीकृपेंकरून आमचे नातू चि. अमुक यांचा व्रतबंध मिति वैशाख शुद्ध १०, शके १९४७, बुधवार, ता. ७ मे रोजीं सकाळीं ९ वाजून ३५ मिनिटें या शुभमुहूर्तावर करण्याचें योजिलें आहे. तरी आपण सहकुटुंब सहपरिवार येऊन बटूस शुभाशीर्वाद द्यावेत, ही विनंति."

यांत चूक कांहींच नाहीं. तोच मजकूर सर्व घरीं जावयाचा, म्हणून तो सर्वांस सारखाच बोलतो. परंतु मुंजीची खरी गोडी मुहूर्ताच्या अलीकडे मातृभोजनांत आणि पलीकडे भिक्षावळींत. पत्रिकेंत दोहोंचाही उल्लेख नाहीं. म्हणून सोबत चिठी लिहावयास बसलों. प्रथम वहिनींच्या आठवणीचें एक लांबलचक वाक्य लिहिलें. घरांतून सूचना आली, "मंगलपत्रांत त्यांचें दुःख कशाला उकरतां? सोबत कोणाला आणायचें तें लिहा." वाक्य खोडलें. चिठी अशी झाली:

"प्रिय बापू, बुधवारीं, ७ मेला, धाकट्या नातवाची मुंज. मुहूर्त सकाळीं ९-३५ चा, पण तूं मंगळवारीं संध्याकाळींच ये. तुझें अंथरूण माझ्या खोलींत. नातीला घेऊन ये, अष्टवर्गाच्या बटूंना वाढायला ती हवी. मातृभोजनाला आमचा पोरगा आईच्या ताटांत जेवतो कीं लाजतो, हें दोघे मिळून पाहूं. भिक्षावळींत आधीं त्याच्या आईची भिक्षा, मग तुझा लाडू. आहेर आणलास तर परत करीन."

'योजिलें आहे', 'विनंति' हे शब्द गळाले. वार, तारीख आणि वेळ मात्र पत्रिकेवरून ताडून जशींच्या तशीं उतरलीं. सलगीच्या भरांत "बुधवारीं ये" एवढेंच लिहिलें, तर कोणता बुधवार हें विचारण्यास दुसरें पत्र यावयाचें. चिठींतलें थट्टेचें वाक्यही त्या एकाच मित्रापुरतें. तोच कागद चौघांस धाडला कीं तीही पत्रिकाच झाली. हल्लीं भ्रमणध्वनीवरून पत्रिकेचें छायाचित्र धाडतात, त्याखालीं अशा चार ओळी सहज मावतात.

बापू मंगळवारीं पांच वाजतां नातीसह हजर झाले. कार्यालयाचें नांव मात्र आम्ही चिठींत लिहावयाचेंच विसरलों होतों. पत्रिका त्यांच्या खिशांत होती, म्हणून निभावलें.