बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांचा फुप्फुसाचा कर्करोग: जाहीर आवाहन

आयुष्यात कधीही बिडी-सिगारेट न ओढलेल्या माणसांनाही फुप्फुसाचा कर्करोग होतो, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. हा रोग बहुधा फुप्फुसाच्या कडेला सुरू होतो. तिथे मोठ्या श्वासनलिका नसल्यामुळे सुरुवातीला फारसा खोकला येत नाही. पुष्कळदा छातीत पाणी झाल्यावर किंवा दम लागू लागल्यावरच तो लक्षात येतो.

स्वयंपाकाच्या धुराचा त्याच्याशी असलेला संबंध चीनच्या युन्नान प्रांतातील शुआनवेई भागात स्पष्ट दिसला. तिथल्या बायका जवळजवळ धूम्रपान करत नसत आणि पुरुष सर्रास करत. तरीही या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण दोघांत जवळपास सारखेच होते. कारण घरातच होते. धुराडे नसलेल्या, जमिनीतल्या चुलीत धुरकट दगडी कोळसा जळत असे. पुढे अनेक घरांत धुराड्याच्या चुली आल्या, तेव्हा स्त्री-पुरुष दोघांतही धोका 40 टक्क्यांहून अधिक घटला. मात्र हा फरक ठळक व्हायला सुमारे दहा वर्षे लागली.

घरात जाळलेल्या दगडी कोळशाचा धूर कर्करोगकारक असल्याचे सिद्ध झाले आहे. लाकूड व गोवऱ्यांचा धूर ‘बहुधा कर्करोगकारक’ मानला जातो. गॅस आला तरी पाणी तापवण्यासाठी किंवा भाकरीसाठी चूल पेटतच राहते. ज्या घरांत हे चालते, त्यांनी चूल उघड्यावर न्यावी किंवा छपराबाहेर निघणारे धुराडे बसवावे, आणि लहान मुलांना तिच्याजवळ बसवू नये.

धुराखेरीज या कर्करोगाचे आणखी एक कारण म्हणजे रेडॉन, खडक व मातीतून झिरपणारा किरणोत्सारी वायू. त्याला रंग नाही, वास नाही. तो बंद तळघरात आणि हवा न खेळणाऱ्या तळमजल्यावर साठतो, त्यामुळे मोजल्याशिवाय कळत नाही. एका घनमीटर हवेत 100 बेकेरेलची पातळी ओलांडू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. जमिनीलगतच्या फटी बुजवणे आणि खोल्यांत वारा खेळता ठेवणे हे पहिले उपाय होत.

आपल्याकडे निदानात वेळ जातो तो क्षयाच्या संशयात. एक्स-रेवर डाग दिसतो, थुंकीत जंतू सापडत नाहीत, तरीही क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. त्या घेऊन डाग कमी होत नसेल, वजन घटत असेल किंवा थुंकीतून रक्त पडत असेल, तर नातेवाइकांनी सीटी स्कॅन आणि तुकड्याच्या तपासणीचा आग्रह धरावा. कर्करोग निघाला, तर त्याच तुकड्यावर ईजीएफआर आणि एएलके या जनुकांतील बदलांची चाचणी करून घ्यावी. धूम्रपान न केलेल्यांत हे बदल अधिक आढळतात, आणि आढळले तर त्यांवर नेमक्या गोळ्या उपलब्ध आहेत.

निदानानंतर रुग्णाच्या कानी पडणारा पहिला प्रश्न असतो, ‘सिगारेट ओढायचात का?’ त्या संशयापायी कुटुंबे आजाराचे नाव लपवतात, बायका तपासणीलाच जात नाहीत. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी हा प्रश्न विचारू नये. ज्याने सिगारेट ओढली, त्यालाही नाही, कारण आजार ही शिक्षा नव्हे. डॉक्टरांना तो विचारावाच लागतो. त्यांनी त्याच्या जोडीला चुलीपुढे गेलेली वर्षे, घरातील इतरांचे धूम्रपान आणि कामाच्या जागची धूळ यांचीही नोंद केसपेपरवर करावी.