प्रायोजकांची वचने आणि तिकिटाचा भाव

महाविद्यालयीन महोत्सवाचा खर्च प्रायोजक उचलतील, सबब तिकीट नाममात्र ठेवावे किंवा ठेवूच नये, असे प्रतिपादन करणाऱ्यांचा एक पक्ष चेंबूरच्या महाविद्यालयांतून दरवर्षी मोठ्या हिरिरीने उभा राहतो. या पक्षाचे म्हणणे असे, की पवईच्या आयआयटीचा 1971 पासून चालत आलेला मूड इंडिगो मोठमोठ्या कंपन्यांना आकर्षित करतो, मग आपणही चार लाखांचे उद्दिष्ट का ठेवू नये? उद्दिष्ट जरूर ठेवावे. आक्षेप एवढाच, की उद्दिष्टाची रक्कम जमेच्या रकान्यात आगाऊ मांडली जाते आणि मग तिकिटाचा भाव त्या काल्पनिक जमेवरून ठरतो. प्रायोजक पैसे देतो ते प्रेक्षकांच्या गर्दीसाठी; देशभरचा लौकिक असलेल्या महोत्सवाला जी गर्दी आपसूक लाभते, ती चेंबूरच्या एका महाविद्यालयाला आधी स्वतः जमवावी लागते.

एक कल्पित, पण अगदी नेहमीचा हिशेब घेऊ. मंच आणि त्याची लोखंडी चौकट 90 हजार, ध्वनी व प्रकाश 1 लाख 20 हजार, जनरेटर 25 हजार, परवाने व विमा 25 हजार, पाहुणा गायक दीड लाख, पारितोषिके 60 हजार, पहारा, वैद्यकीय मदत व सफाई 30 हजार. एकूण 5 लाख, आणि दहा टक्के राखीव धरून साडेपाच लाख. मैदानात 2000 माणसे मावतात, पैकी 600 प्रवेश स्पर्धक, स्वयंसेवक व निमंत्रित यांना मोफत, म्हणजे विकाऊ तिकिटे 1400. आमचे प्रतिपक्षी साडेपाचांतून चार लाख वजा करतात, उरलेल्या दीड लाखास 1400 ने भागतात आणि 107 चे 'शंभर' करून मोकळे होतात.

वास्तविक चारांपैकी सही झालेले करार दोन लाखांचेच असतात, आणि त्यांतलीही रोकड पुष्कळदा महोत्सव संपून, फलकांची छायाचित्रे पाठविल्यावर हाती येते. उलट गायकाचे बहुतांश मानधन त्याने मंचावर पाऊल ठेवण्यापूर्वीच द्यावे लागते व ध्वनिवाला बयाण्यावाचून सामान हलवीत नाही. शिवाय कुणी शीतपेयांची खोकी देतो, कुणी पिशव्या. त्या स्वीकाराव्यात, पण त्यांची किंमत जमेस धरू नये, कारण खोक्यांनी मंचवाल्याचे बिल फिटत नाही. म्हणून आमचा हिशेब असा: साडेपाच लाख वजा दोन लाख, उरले साडेतीन, विक्री 1400 नव्हे तर 1000 धरावी, म्हणजे प्रत्येकी 350, आणि मनगटपट्टी व छपाईचे 10 मिळवून 360 रुपये. शंभराच्या भावाने हीच हजार तिकिटे गेली तर तिकिटामागे नव्वदच सुटतात आणि खिंडार पडते 2 लाख 60 हजारांचे, जे बहुधा प्राचार्यांच्या दालनात उघडकीस येते.

आता कुणी म्हणेल, 360 कोण देईल? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर भावात नसून खर्चात आहे. गायक वगळला तर राखीव रकमेसह 1 लाख 65 हजार वाचतात, तूट 1 लाख 85 हजारांवर येते आणि हजार तिकिटांचा समतोल 195 रुपयांवर बसतो, म्हणजे दोनशेचे तिकीट पुरे. गायकामुळेच गर्दी येते, असा प्रतिवाद होईल. पण दोनशेच्या तिकिटातून 190 सुटतात, तेव्हा गायकाने स्वतःची किंमत वसूल करायची तर सुमारे 870 अधिक प्रेक्षक आणायला हवेत, आणि मैदानात जागा उरली आहे अवघी 400 ची! गायकाशिवाय हजार येणारच नाहीत, अशी भीती असेल तर मात्र मंचच लहान करावा.

त्यात 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमावलीनुसार मोकळ्या जागेतला ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो. कार्यक्रम रेंगाळत नऊला गायक उभा राहिला तर त्याच्या मानधनाचा आणि दिवसभराच्या भाड्याचा मोबदला एका तासात आटोपतो. चेंबूरच्या फाइन आर्ट्स सोसायटीच्या शिवस्वामी सभागृहासारखे बंदिस्त स्थळ घेतल्यास मंचाची उभारणी वाचते; मात्र आसने ठरलेली असल्यामुळे भागाकार नव्याने करावा लागतो.

सही झालेली रक्कमच जमेस धरावी, हाच न्याय पारितोषिकांनाही लागू. भरघोस रोख बक्षिसाने संघ येतात हे खरे, पण प्रत्येकी पाचशे रुपये शुल्क भरणारे वीस समूहनृत्य संघ दहा हजारच आणतात. त्यांना पंधरा हजार वाटायचे असतील तर वरचे पाच हजार कुणा प्रायोजकाच्या नावे सहीनिशी आधी घ्यावेत.

राहिला गरीब विद्यार्थ्यांचा कैवार, जो या वादातला सर्वांत प्रामाणिक मुद्दा आहे. दोनशे रुपये कुणाला जड जातात हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी शंभर प्रवेश मोफत ठेवावेत, पण 'निमंत्रित' या सदराखाली लपवून नव्हे. ज्या 600 जणांना फुकट सोडले आहे त्यांतूनच ते काढावेत, आणि ते देताना कार्यकारिणीच्या मित्रमंडळींचे पास किती कमी झाले, तेही त्याच पानावर लिहावे.