हप्ता महिन्याचा, कमाई भाद्रपदाची
जिते गावाशेजारच्या हमरापूर-जोह्यात गणपतीच्या कारखान्यांत पैसा सुटतो तो भाद्रपदाच्या तोंडावर. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला दारात उभा. सिबिल स्कोअर घसरतो तो इथेच. समजा, मे-जूनचे हप्ते थकले आणि ऑगस्टमध्ये व्याजासकट सगळे चुकते केले. हिशेब मिटला, पण ३०० ते ९०० मधल्या त्या आकड्यात उशिराचं वजन मोठं. कोणत्या महिन्यात किती दिवस थकले, ही नोंद सिबिलच्या अहवालात ३६ महिने दिसते. म्हणून कर्ज घेतानाच परतफेड हंगामाला जोडून मागावी. बँक अडून बसली (बसतेच!), तर सीझनच्या कमाईतून वर्षभराचे हप्ते वेगळ्या खात्यात टाकून तिथूनच आपोआप कापू द्यावेत. नियमित नोंदी साचतात, तसा जुना डाग फिका पडतो.