प्रवासखर्च म्हणजे उचल नव्हे

अहिल्यानगर जिल्ह्यातील रुग्णालयांच्या एथिक्स कमिट्यांवर सामान्य नागरिक म्हणून बसणाऱ्या सदस्यांना,



औषधचाचणीत येणाऱ्या रुग्णाला दिलं जाणारं मराठी माहितीपत्रक आधी तुमच्यापुढे येतं. कमिटीवर डॉक्टर आणि कायदा जाणणारे असतातच. २०१९च्या नियमांनी तुमच्यासारख्या बिगर-वैद्यकीय माणसालाही तिथे जागा दिली आहे. म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहितो आहे, आणि तेही पत्रकातल्या एकाच वाक्याबद्दल: ‘आपण केव्हाही माघार घेऊ शकता, त्याचा आपल्या उपचारांवर परिणाम होणार नाही.’

वाक्य नियमाला धरून आहे. पण पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला जाणारी बाई ते कसं ऐकते? मुकादमाकडून उचल घेतली की ती फिटेपर्यंत सुटका नाही, हे तिनं जन्मभर पाहिलंय. चाचणीच्या प्रत्येक फेरीला हातात पडणारा प्रवासखर्चही तिला उचलच वाटू शकतो.

समजा, मधुमेहाच्या नव्या गोळीची सहा महिन्यांची चाचणी आहे. तिनं ऑगस्टमध्ये अंगठा दिला. दिवाळीच्या सुमारास टोळी निघाली. सोडते म्हटलं तर पैसे मागतील, डॉक्टर रागावतील, या धास्तीनं ती काहीच न बोलता गोळ्यांची डबी घेऊन कारखान्यावर गेली. रुग्णालयाच्या कागदावर नोंद झाली, ‘संपर्क तुटला’. इकडे फडात उपाशीपोटी साखर उतरली, घाम सुटला, हात थरथरले, आणि जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला नव्या गोळीचा पत्ताच नाही. गंभीर त्रास झाल्यापासून २४ तासांत संशोधकानं तो कळवायचा असतो. पण त्याला कळणार कोणाकडून?

म्हणून त्या एका ओळीच्या जोडीला असं काही हवं: ‘मिळालेला प्रवासखर्च परत द्यावा लागणार नाही. गावाबाहेर जाणार असाल तर आधी या नंबरवर सांगा. उरलेल्या गोळ्या परत द्या. त्यांच्याऐवजी नेहमीचं औषध सुरू करून देऊ आणि शेवटची तपासणी करू. चाचणीमुळे त्रास झाला तर उपचार मोफत होतील. गरज असेपर्यंत, किंवा त्रास चाचणीचा नाही हे ठरेपर्यंत.’ तोवर घेतलेल्या रक्ताचं आणि माहितीचं काय होणार, हेही तिथेच यावं. नाहीतर माघार घेतली की सगळं पुसलं जातं, असा समज होतो.

धोक्याचंही तसंच. ‘क्वचित साखर कमी होऊ शकते’ यातून तिला काहीच उमगत नाही. आधीच्या चाचण्यांत १०० पैकी कितीजणांना ते झालं, पहिली खूण कोणती, खिशात काय ठेवायचं, हे लिहायला लावा.

मंजुरीच्या सहीआधी हे पत्रक वॉर्डातल्या एखाद्या न शिकलेल्या माणसाला वाचून दाखवा आणि विचारा: ‘उद्या सोडायचं ठरवलंत, तर सकाळी उठून काय कराल?’ उत्तर अडखळलं, तर कागद परत पाठवा.

आपला,
एक वाचक